स्किनकेअर ब्रँडच्या कॅप्शनमध्ये प्रश्न असा कसा विचारावा की लोक आपणहून बोलतील?

धंतोलीवाली

नमस्कार मंडळी. नागपुरात माझा छोटा स्किनकेअर ब्रँड आहे. तीनच वस्तू आहेत: फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि जेल सनस्क्रीन. माल परवाना असलेल्या कारखान्यातून बनवून घेते, लेबल माझं. विक्री इन्स्टाग्रामवरून आणि प्रदर्शनांतल्या स्टॉलवरून होते.

स्टॉलवर बायका इतक्या बोलतात की मागे रांग लागते. पेजवर मात्र शुकशुकाट. या आठवड्यातली कॅप्शन जशीच्या तशी देते:

"उन्हाळा आला! ☀️ तुमची त्वचा तयार आहे का? आमचं एसपीएफ ५० जेल सनस्क्रीन आता नव्या पॅकमध्ये. तुम्हाला कसं वाटलं? कमेंटमध्ये नक्की सांगा 👇 आणि उन्हात फिरणाऱ्या मैत्रिणीला टॅग करा!"

खाली आलं काय, तर बहिणीचं हार्ट, दुसऱ्या एका छोट्या ब्रँडचं "वॉव" आणि एकीचं "प्राइस?". प्रश्न विचारावा तर हात पसरल्यासारखं वाटतं आणि न विचारावा तर कोणी ढुंकूनही बघत नाही. ज्यावर माणसाला खरंच काही सांगायचं असेल, असा प्रश्न कसा लिहायचा? स्किनकेअरपुरतंच सांगा. कपड्यांच्या आणि खाण्याच्या पेजवर जे चालतं ते इथे चालत नाही, एवढं दिसून आलं आहे.

---

रीलवाला_महाल

ताई, एवढा विचार कशाला करून राहिल्या? सरळ लिहा, "कमेंटमध्ये ग्लो लिहा, डीएममध्ये डिस्काउंटची लिंक पाठवतो." ऑटोमेशन लावून द्या. मी दोन क्लायंटना करून दिलं, कमेंटचा पाऊस पडतो. माणसाला एक शब्द टाइप करायला काही वाटत नाही, लांब उत्तर द्यायचा कंटाळा येतो. काम जितकं सोपं तितक्या कमेंट जास्त. आणि जे काही मागायचं ते वर मागा, शेवटी कोणी वाचत नाही.

---

काउंटरची_ताई

मी आधी बरीच वर्षं बर्डीवरच्या कॉस्मेटिक्सच्या दुकानात काउंटरवर होते, आता ब्रँडसाठी लिहिते. महालवाल्या भाऊंच्या दोन गोष्टी पटतात. उत्तर देणं सोपं हवं आणि प्रश्न वर हवा. फीडमध्ये कॅप्शनच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, बाकीची "आणखी"च्या मागे जाते. तिथवर प्रश्न आला नाही तर तो कोणी वाचत नाही.

पण "ग्लो लिहा" हे उत्तर नाही, ती पावती आहे. फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं की रिॲक्ट करा, कमेंट करा, शेअर करा, टॅग करा, मत द्या असं उकरून मागणाऱ्या पोस्ट फीडमध्ये खाली ढकलणार. तुमचं "मैत्रिणीला टॅग करा" त्यातच बसतं. ते फेसबुकपुरतं धरलं तरी माझा मुद्दा वेगळा आहे. चेहऱ्याला लावायची वस्तू घेणारी बाई विकत घेण्याआधी खालच्या कमेंट वाचते. तिला तिथे "ग्लो, ग्लो, ग्लो" दिसलं तर काय कळणार? "मी स्कुटीवर जाते, मला हे चिकट वाटलं नाही" असं एक वाक्य दिसलं तर ती थांबते.

आता तुमच्या कॅप्शनकडे येते. "तुमची त्वचा तयार आहे का?" याचं उत्तर कोणाकडेच नसतं. मला कोणी विचारलं तर मी काय सांगू, हो तयार आहे? आणि "तुम्हाला कसं वाटलं?" म्हणजे नेमकं काय कसं वाटलं, पॅक की सनस्क्रीन? ज्यांनी वापरलेलंच नाही त्यांनी काय सांगायचं? मी एक कसोटी लावते. हाच प्रश्न उचलून साडीच्या फोटोखाली टाकून बघायचा. तिथेही चालत असेल तर तो प्रश्न नाही, भरताड आहे. "तुम्हाला कसं वाटलं?" बिर्याणीच्या फोटोखालीही चालतं.

एक सांगा. स्टॉलवर बाई समोर उभी राहिली की पहिला प्रश्न काय विचारता? आठवून, ज्या शब्दांत विचारता त्याच शब्दांत लिहा.

---

धंतोलीवाली

स्टॉलवर? "गाडीवर जाता का?" हेच विचारते. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायका स्कुटीवर आणि मे महिन्यात स्कार्फ, सनकोट, हातमोजे घातल्याशिवाय कोणी निघत नाही. "हो" म्हणाल्या की विचारते, "स्कार्फच्या आत काही लावता?" मग सुरू होतं. कोणी म्हणते स्कार्फ आहे ना, मग कशाला लावायचं. कोणी म्हणते लावलं तर सगळं स्कार्फलाच पुसलं जातं. कोणी म्हणते घाम येऊन डोळ्यांत जातं. एक काकू म्हणाल्या, त्यांचा पांढरा स्कार्फ हनुवटीपाशी पिवळा पडला.

---

काउंटरची_ताई

हेच तर. तुमच्याकडे प्रश्न आहे, तो फक्त स्टॉलवर राहिला, पेजवर आला नाही. पिवळ्या पडलेल्या स्कार्फवाल्या काकू ज्या प्रश्नावर बोलल्या, त्याच प्रश्नावर पेजवरच्या बायका बोलतील.

पण जसाच्या तसा उचलला तर फसेल. "स्कार्फच्या आत काही लावता?" हा समोरासमोर चालतो, कारण तुम्ही लगेच पुढचं विचारता. लिहून टाकलात तर "हो" आणि "नाही" येईल आणि गप्पा तिथेच थांबतील. लिहिताना प्रश्न अशा जागी न्यावा जिथे प्रत्येकीचं उत्तर वेगळं असेल. स्कार्फला लागतं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्यावर कोण काय करते, हे मात्र प्रत्येकीचं वेगळं. म्हणून मी असं लिहीन:

"सनस्क्रीन लावून लगेच स्कार्फ बांधला की निम्मं स्कार्फलाच लागतं. तुम्ही यावर काय करता?"

दोन ओळींत बसतं. पहिल्या वाक्यात तुम्ही तिचाच अनुभव बोलून दाखवता, त्यामुळे प्रश्न परीक्षेसारखा वाटत नाही. "नक्की सांगा", खाली दाखवणारं बोट, काही नको. प्रश्नचिन्ह आहे तेवढं पुरे.

---

वर्धारोड

मी पडले ग्राहक, ब्रँडवाली नाही. माझ्यासारख्या कमेंट का करत नाहीत ते सांगते, कदाचित कामाला येईल.

मी दिवसभरात अशी दहा पेजं तरी बघते, वाचतेही. पण "तुम्हाला पिंपल्सचा त्रास आहे का?" याला मी माझ्या नावाने उत्तर देणार नाही. माझ्या अकाउंटवर ऑफिसचे लोक आहेत, सासरचे आहेत, मुलाच्या शाळेच्या ग्रुपमधल्या आया आहेत. "ओठांवरच्या केसांचं काय करता?" असंही एका पेजवर विचारलेलं पाहिलं. तिथे कोण लिहिणार? स्कार्फवर लिहीन, कारण त्यात माझ्या चेहऱ्यात काही खोट आहे असं निघत नाही, ऊन सगळ्यांनाच लागतं.

आणि एक मनापासून सांगते. "उन्हाने काळवंडलात का?" असं विचारणारी पेजं मी बंद करते. ते ऐकवायला घरी मावश्या आणि आत्या आहेत. पैसे देऊन तेच कशाला ऐकायचं?

---

काउंटरची_ताई

वर्धारोड, स्किनकेअरची खरी अडचण तुम्ही सांगितली. बिर्याणीवर मत द्यायला कोणाला लाज वाटत नाही. इथे उत्तर द्यायचं म्हणजे आपल्या चेहऱ्यातलं उणं चारचौघांत मान्य करायचं. म्हणून माझा नियम असा की दोषाबद्दल विचारायचं नाही, सवयीबद्दल विचारायचं. डाग, पुरळ, वांग, केस यांबद्दल उघड्यावर प्रश्न नको. हवा, पाणी, कूलर, गाडी, पर्स, सकाळची घाई यांबद्दल विचारा. "तुमची त्वचा कोरडी आहे का?" ऐवजी "रात्रभर कूलरसमोर झोपून उठल्यावर चेहऱ्याला सगळ्यात आधी काय लागतं, पाणी की क्रीम?" असं. माहिती तीच मिळते आणि सांगणारीला कमीपणा येत नाही.

---

मोगरा

मला वांग आहेत, दोन्ही गालांवर, दुसऱ्या बाळंतपणानंतर आले. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली होती. आधी छान गेले, ट्यूब बंद केली की दुप्पट आले आणि आता उन्हात गेलं की चेहरा आगीसारखा होतो. धंतोलीवाली ताई, तुमच्या सनस्क्रीनने वांग जातील का? किंमत काय?

---

फार्मसीवाला

मोगराताई, हा धागा कॅप्शनवर आहे, तरी तुमचं आधी. ट्यूब थांबवल्यावर आग होणं, लाल होणं आणि डाग जास्त गडद होऊन परत येणं, हे स्टेरॉइड असलेल्या क्रीमने होऊ शकतं. ती ट्यूब किंवा तिचं खोकं असेल तर ते घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मेडिकलमधून दुसरी ट्यूब घेऊ नका आणि इथल्या कोणाच्या सांगण्यावरूनही काही लावू नका. वांगांना सनस्क्रीनची जोड लागतेच, पण नुसत्या सनस्क्रीनने ते जातील असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

धंतोलीवाली, हाच प्रश्न तुमच्या पेजवरही येणार. लोकांना बोलतं केलंत की औषधाचे प्रश्न येतातच. तुम्ही कॉस्मेटिक विकता, त्यामुळे उपचार सांगणं तुमच्या कक्षेत येत नाही. "हो ताई, महिनाभर लावून बघा" हे उत्तर तर कधीच देऊ नका.

दुसरं, प्रश्नचिन्ह लावलं म्हणून दावा सुटत नाही. "सात दिवसांत डाग घालवायचे आहेत?" हा प्रश्न नाही, जाहिरातीतला दावाच आहे आणि तो तुम्हाला सिद्ध करता आला पाहिजे. गोरेपणाच्या जाहिरातींबद्दल जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे आस्कीचे, २०१४ पासून नियम आहेत. सावळ्या रंगाला कमी लेखायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. त्यामुळे "काळवंडलात का?" हे वर्धारोड म्हणतात त्या कारणाने वाईट आहेच, त्या नियमांतही अडकेल.

---

मोगरा

धन्यवाद दादा. ट्यूबचं खोकं आहे घरात. या आठवड्यात दाखवते.

---

रीलवाला_महाल

सगळं ऐकलं. पण मला सांगा, सनस्क्रीन कुठे गेलं? स्कार्फवर गप्पा होतील, बायका एकमेकींना टिप्स देतील आणि विक्री शून्य. कॅप्शनमध्ये प्रॉडक्ट नको, किंमत नको, मग क्लायंट पैसे कशाचे देईल? "किंमत डीएममध्ये" म्हटलं की निदान इन्बॉक्स तरी भरतो.

---

काउंटरची_ताई

किंमत लपवायची नाही, यावर मी ठाम आहे. किंमत फोटोतच लिहा. "प्राइस?" या कमेंटला उत्तर देण्यात निम्मा दिवस जातो आणि गप्पांची जागा त्याच कमेंट अडवतात.

प्रॉडक्ट कॅप्शनमध्ये येऊ दे, पण ते प्रश्नाचं उत्तर म्हणून नको. "स्कार्फला सनस्क्रीन लागतं? मग आमचं जेल घ्या!" असं लिहिलंत की वाचणारीला कळतं, हिला माझं उत्तर नकोच होतं. तिथे संवाद संपतो. अमरावती रोडवर आमच्या ओळखीची एक साबणवाली आहे, तिची अडचण याच्या उलट झाली. तिने विचारलं, "पुढचा सुगंध कोणता हवा?" लोकांनी भरभरून लिहिलं, खस, चाफा, संत्र्याची साल. तिच्याकडे बनवायची सोय एकाचीच होती. आता प्रत्येक पोस्टखाली "खस कधी येणार?" विचारतात. ज्या उत्तराचं आपण काही करू शकत नाही तो प्रश्न विचारू नये.

म्हणून धंतोलीवाली, बाकीची कॅप्शन लिहिण्याआधी ठरवा, आलेल्या उत्तरांचं तुम्ही काय करणार?

---

धंतोलीवाली

खरं सांगायचं तर मला एक गोष्ट हवीच आहे. घरून निघताना लावलं ते ठीक. पण दुपारी ऑफिस किंवा कॉलेजमधून निघताना, घामेजलेल्या चेहऱ्यावर परत कसं लावायचं, हे मी कोणालाच नीट सांगू शकत नाही. जेल घामावर लावलं की गोळ्या निघतात. बायका काय करतात ते कळलं तर वापरायच्या सूचनांच्या कागदावर ते छापेन.

---

काउंटरची_ताई

मग कॅप्शनमध्ये हेच लिहा. जे येतं ते सांगा आणि जे येत नाही ते विचारा. विचारणाऱ्याला खरंच गरज आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं आणि मग ते मागणं वाटत नाही. फार्मसीवाला भाऊ, वापराची माहिती तुम्ही तपासून द्या.

---

फार्मसीवाला

मोजकंच सांगतो. एसपीएफचा आकडा काढताना प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावतात. घरी लोक त्याहून खूप कमी लावतात, त्यामुळे डब्यावरच्या ५० एवढं संरक्षण चेहऱ्यावर मिळत नाही. सोपं माप म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापर्यंत एकेक रेघ, चेहरा आणि मान मिळून. लावल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग स्कार्फ. पातळ सुती कापडातून ऊन काही प्रमाणात आत येतं, ओलं झालं की जास्त येतं, म्हणून "स्कार्फ आहे ना" हे पुरेसं नाही. उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत लावायचं. परत लावण्याआधी घाम टिपायचा, चोळायचा नाही. गोळ्या बहुधा खालच्या थरामुळे निघतात. मॉइश्चरायझर जास्त झालं किंवा सुकायच्या आत वर जेल चोळलं की हे होतं.

---

धंतोलीवाली

सगळ्यांचं ऐकून हे लिहिलं. फोटोत सनकोटाच्या बाहीवर ठेवलेला सुती स्कार्फ, त्यावर हनुवटीपाशी लागलेला डाग स्पष्ट दिसतो. किंमत कोपऱ्यात.

"सनस्क्रीन लावून लगेच स्कार्फ बांधला की निम्मं स्कार्फलाच लागतं. तुम्ही यावर काय करता?

आम्ही स्टॉलवर सांगतो ते असं: दोन बोटांवर रेघ भरून घ्या, चेहरा आणि मानेला लावा, डबा भरेपर्यंत आणि चप्पल शोधेपर्यंत पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग स्कार्फ बांधा.

अडतं ते दुपारी. परत निघताना घामावर सनस्क्रीन लावायचं कसं, हे आम्हालाही अजून नीट सांगता येत नाही. तुमची काही युक्ती असेल तर ती आमच्या सूचनांच्या कागदावर छापू."

उद्या सकाळी टाकते.

---

रीलवाला_महाल

वाचायला चांगलं आहे, मान्य. पण संध्याकाळी सातनंतर टाका. सकाळी बायका डब्याच्या घाईत असतात.

---

वर्धारोड

मला दोनही वेळा चालतील. "चप्पल शोधेपर्यंत" वाचून वाटलं, ही बाई नागपुरातली आहे आणि घाईत निघते.

---

धंतोलीवाली

संध्याकाळीच टाकली आणि दोन दिवस थांबून लिहिते आहे. ढीगभर नाही आल्या, पण आल्या त्या वाचण्यासारख्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मला न ओळखणाऱ्यांच्या. एकीने लिहिलं, ती टिश्यूचा एक पदर ओठ आणि हनुवटीवर ठेवून मग स्कार्फ बांधते. दुसरीने तिलाच विचारलं, उन्हात टिश्यू ओला होऊन चिकटत नाही का? त्या दोघींचं पुढे बराच वेळ चाललं, मी मध्ये पडलेच नाही. कॉलेजातली एक मुलगी म्हणते, दुपारी ती जेल लावतच नाही, दुसऱ्या ब्रँडची स्टिक वापरते. तिघीचौघींनी लिहिलं की ट्यूब गाडीच्या डिक्कीतच असते, निघताना तिथून काढून लावतात.

आणि एकीने लिहिलं, "तुमचंच वापरते, घाम आला की डोळे झोंबतात." नाव, फोटो, सगळं उघड आहे. काय करू?

---

रीलवाला_महाल

लगेच डीएममध्ये घ्या आणि कमेंट लपवा. नवीन गिऱ्हाईक आलं आणि पहिलंच हे दिसलं तर काय करेल?

---

काउंटरची_ताई

लपवू नका, लपवलं तर ती परत येऊन लिहील आणि मग राग जास्त असेल. तुम्ही विचारलंत, तिने सांगितलं. तिथेच दोन ओळींचं उत्तर द्या आणि मग डीएममध्ये सविस्तर बोला. तुमचं उत्तर ती एकटीच नाही वाचणार, बाकीच्याही वाचतील.

---

फार्मसीवाला

असं लिहा: "सांगितलंत ते बरं झालं. घामाबरोबर सनस्क्रीन ओघळून डोळ्यांत गेलं की झोंबतं. पापण्यांवर आणि डोळ्यांच्या अगदी कडेला लावू नका, कपाळावर थोडं कमी लावा. डोळे लाल राहत असतील तर वापर थांबवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तुमच्या ट्यूबवरचा बॅच नंबर पाठवाल का?" बॅच नंबर खरंच नोंदवून ठेवा. एकाच बॅचच्या अशा आणखी तक्रारी आल्या तर कारखान्याला कळवावं लागेल.

पण माझं लक्ष दुसरीकडे गेलं. डिक्की! मे महिन्यात पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या डिक्कीत हवेपेक्षाही जास्त तापतं आणि बाहेरच ४५ असतं. तिथे रोज सनस्क्रीन ठेवलं तर ते फाटू शकतं, पाणी आणि तेल वेगळं होतं, मग ते सारखं पसरत नाही आणि जिथे पसरत नाही तिथे संरक्षणही नाही. ट्यूबमधून आधी पाणी येत असेल, वास बदलला असेल किंवा दाणे लागत असतील तर ती फेकायची. लेबलवर "थंड, कोरड्या जागी ठेवा" असतं ते याचसाठी.

---

काउंटरची_ताई

धंतोलीवाली, पुढचा प्रश्न तुमच्या ग्राहकांनीच दिला. "तुमची सनस्क्रीनची ट्यूब आत्ता, या क्षणी, कुठे आहे?" उत्तर द्यायला विचार करावा लागत नाही, लाजही नाही आणि प्रत्येकीचं वेगळं येणार. पर्स, फ्रिज, डिक्की, बाथरूमची खिडकी. आणि या वेळी तुमच्याकडे सांगण्यासारखं काही आहे, म्हणून उत्तर मागे ठेवा. आधी त्यांना लिहू द्या. दुसऱ्या दिवशी डिक्कीबद्दल तुमचीच कमेंट लिहा आणि ती सगळ्यात वर पिन करा. आधीच सांगून टाकलंत तर डिक्कीवाल्या बायका गप्प बसतील, कोणालाही चूक दाखवून घ्यायला आवडत नाही.

मात्र सांगताना "डिक्कीत ठेवणाऱ्या बायकांनो" असं लिहू नका. ज्यांनी मोकळेपणाने सांगितलं त्यांनाच बोलल्यासारखं होईल.

---

वर्धारोड

माझी पण डिक्कीत आहे. आज काढते.

एक शंका. आधी विचारायचं आणि मग "ते चुकीचं" सांगायचं, यात फसवल्यासारखं नाही का होत? मी लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी तेच धोक्याचं म्हणून वर आलं, तर मला तरी बरं वाटणार नाही.

---

काउंटरची_ताई

शंका रास्त आहे. मी तरीही आधी विचारेन, कारण नाहीतर खरं उत्तर येणारच नाही. पण डिक्की लिहिणाऱ्या प्रत्येकीला पिन करण्याआधी वेगळं उत्तर देईन, तिच्या कमेंटखाली, नावानिशी.

---

फार्मसीवाला

मला ते पटत नाही. उष्णतेची सूचना कामाची आहे, एक दिवसही मागे का ठेवायची? कमेंट कमी आल्या तरी चालेल.

---

धंतोलीवाली

दोघांचंही समजतं आहे. मी असं करून बघते: प्रश्न वर, आणि कॅप्शनच्या शेवटी एक ओळ, "आमची एक ट्यूब मुद्दाम आठवडाभर डिक्कीत ठेवली होती, तिचं काय झालं ते दुसऱ्या फोटोत." ट्यूब आजच ठेवते, म्हणजे पोस्ट पुढच्या आठवड्यात. बोटावर काढलेल्या जेलचा फोटो येईल, जसा असेल तसा. काहीच बदललं नाही तर तेही टाकेन. फार्मसीवाला दादा, आठवडा पुरेल का?

---

फार्मसीवाला

फरक दिसेलच असं नाही, फॉर्म्युल्यावर आहे. वरून ठीक दिसलं तरी आतले फिल्टर शाबूत आहेत, हे डोळ्यांनी कळत नाही, ते कॅप्शनमध्ये लिहा. आणि त्याच बॅचची दुसरी ट्यूब घरात सावलीत ठेवा, तारीख लिहून, शेजारी ठेवून फोटो काढता येईल.

---

रीलवाला_महाल

दोन ट्यूबवाला फोटो मला द्या, रील मी फुकट करून देतो. फक्त शेवटी लिंक टाकू द्या.

---

धंतोलीवाली

लिंक बायोत. रील करू या. शनिवारी दुपारी पार्किंगमध्ये या, डिक्की तेव्हाच उघडायची आहे.